कोणता चमचा?

मास्तरांना फिटचा आजार तरुणपणापासूनच होता, पण रोजचं पातळ औषध लागू पडल्यापासून कैक वर्षांत फिट आली नव्हती. त्यांचं शिवणकामाचं दुकान घराच्या खालीच होतं. सकाळी दोन चमचे आणि संध्याकाळी दोन चमचे औषध त्यांच्या पत्नी, काकू, स्वतः द्यायच्या. त्यात कधी खंड पडला नाही.

लेक चार दिवस माहेरी आली आणि तिने स्वयंपाकघर आवरायला घेतलं. नव्या नाजूक चमच्यांचा संच आणला आणि जुने जाडजूड चमचे पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. "आई, हे चमचे आहेत की फावडी?" ती हसत म्हणाली.

ती सासरी गेली आणि काही दिवसांतच मास्तर दुकानात कापड बेतता बेतता कोसळले. फिट आली होती. नंतर पुन्हा एकदा आली.

"औषध चुकलं का मधे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक वेळही नाही."

त्यांनी दोनाचे तीन चमचे केले. फिट थांबल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण नव्या चमच्यांशी काकूंचं काही जमेना. आमटी ढवळायला घेतला की चमचा वाकायचा. शेवटी वैतागून त्यांनी माळ्यावरची पिशवी खाली काढली. मग औषधही हाताला सवयीच्या जुन्या चमच्यानेच द्यायला लागल्या. तीन चमचे, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे.

पुढच्या आठवड्यात मास्तरांची चाल बिघडली. पायरी उतरताना भिंत धरावी लागायची. बोलताना जीभ जड व्हायची. सुईत दोरा ओवायला गेले तर सुया दोन दिसायच्या. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही त्यांनी उलटी जोडली. तेव्हा ते गिऱ्हाईक दुकानाबाहेर जाऊन मोठ्याने म्हणालं, "या वयात बाटली धरली वाटतं मास्तरांनी!"

गल्लीत कुजबुज सुरू झाली. जन्मात दारूला न शिवलेला माणूस! मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्या संध्याकाळी काकू जेवण वाढताना जरा जास्तच जवळ वाकल्या आणि त्यांनी श्वास ओढला. मास्तरांचा घास हातातच राहिला.

"अगं, तू माझ्या तोंडाचा वास घेतेस?"

काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मला काही कळेनासं झालंय हो," त्या एवढंच म्हणाल्या. मास्तर उठले. ताट तसंच राहिलं.

सकाळी काकू त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बोट डावी-उजवीकडे नेलं. बोटामागे जाताना मास्तरांचे डोळे हिसके देत होते. सरळ रेषेत चालायला सांगितलं तर तोल गेला.

"ही दारू नाही, औषध जास्त झालंय. रक्त तपासू," त्या म्हणाल्या. "पण तीन चमच्यांनी एवढं व्हायला नको होतं. काकू, देता कोणत्या चमच्याने?"

"आमच्या नेहमीच्या. मधे काही दिवस लेकीच्या नव्या चमच्याने दिलं."

"दोन्ही घेऊन या बरं."

काकू घरी जाऊन दोन्ही चमचे घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी सुई नसलेल्या सिरिंजने एकेका चमच्यात काठोकाठ पाणी भरलं. नव्यात तीन मिली मावलं, जुन्यात साडेसहा.

"मी चमचा म्हणते तो पाच मिलीचा," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमच्या जुन्या दोन चमच्यांत तेरा मिली जात होतं आणि त्यावर ते बरे होते. नव्या दोनांत सहाच गेलं, म्हणून फिट आल्या. मी तीन केले, तर नव्याने नऊ झालं. आणि परत जुना काढलात तेव्हा जवळजवळ वीस! हे औषध असं की थोडं वाढलं तरी रक्तात फार चढतं." त्यांनी सिरिंज खाली ठेवली. "चमचे लिहिले ते मीच. मिली लिहायला हवं होतं."

रिपोर्ट आला आणि औषध खरंच चढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस ते बंद ठेवून मास्तरांना नजरेखाली ठेवलं. मग बारा मिलीपासून पुन्हा सुरू करून रक्त परत तपासायचं ठरलं. खुणांची सिरिंज त्यांनी काकूंच्या हातात दिली. "आधी बाटली नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी बसतं. आणि चमचा आता फक्त आमटीला."

हळूहळू मास्तरांची चाल सुधारली. बाही उसवून त्यांनी ती नीट जोडून दिली. गिऱ्हाईक ओशाळून काहीतरी पुटपुटलं. मास्तरांनी कोट घडी करून त्याच्या हातात ठेवला आणि पुढचं कापड ओढलं.

घरात मात्र काही दिवस अबोला होता. एका संध्याकाळी काकू सिरिंज डोळ्यांसमोर धरून खूण शोधत होत्या. बारीक रेषा नीट दिसेनात.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. "टेपवरची खूण बघण्यात जन्म गेला माझा." त्यांनी दट्ट्या बरोबर बाराच्या रेषेवर आणला. "बघ बरं, बरोबर आहे का?"

काकू जवळ वाकल्या.

"श्वास रोखून बघ हं," ते म्हणाले, आणि काकूंना रडता रडता हसू फुटलं.