ळ नसलेलं घर

नागपूरच्याही पुढे, कुडव्यातल्या भाड्याच्या खोलीत, बाळं शब्द कसे ओळखतात याचा प्रयोग भूमेश्वरीनं मांडला, तो २०११ साली. खोली कसली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चारी भिंतींना रजया टांगलेल्या. नऊ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर. आईनं नकळत खुणावू नये म्हणून तिच्या कानात गाण्याचे हेडफोन. बाजूचा दिवा लुकलुकला की बाळ तिकडे वळायचं, आणि पाहत राहील तोवरच त्या बाजूचा स्पीकर बोलायचा.

शब्द सगळे बिनअर्थाचे. काहींत ळ मध्ये, 'तळू', 'गाळी'. काहींत पुढे, 'ळतू', 'ळगी'. मराठीत ळ शब्दाच्या आरंभी येत नाही. माणसं तर सलगच बोलतात, शब्दाशब्दाला थांबतं कोण? पण ळ ऐकला की कान समजतो, शब्द इथं सुरू झालेला नाही, मागेच झालाय. आधी पुण्यात केलेल्या याच प्रयोगात तिथली बाळं 'तळू' जास्त वेळ ऐकत. कुडव्याच्या बाळांना मात्र 'तळू' काय नि 'ळतू' काय, सगळं सारखंच.

आता, असला निकाल बाळांच्या गटाचा असतो. एकट्या पोराबद्दल त्यातून काडीचंही कळत नाही. भूमेश्वरीला हे पाठ होतं. तरी त्या बाळांतल्या राजदीपची आई, रीना, लेकाला घेऊन निघाली आणि तिनं विचारलं, "कसा आहे माहा पोरगा?" तेव्हा पुण्याहून शिकून आलेल्या बाईंना गप्प बसवेना.

"शब्द वेगळे ओळखायला थोडा मागे वाटतो. नागपूरला कान दाखवून घ्या."

असं बोलून मोकळी झाली बया!

महिन्यानं रीना दारात उभी. "कान चांगले हायेत म्हनते डाक्टर. पन माही सासू आयकत नाई. म्हनते, पुन्याची म्याडम खोटं थोडीच सांगन? याले समजतच नाई, तं कायले बोलाचं? घरात कोनी बोलत नाई याच्यासंगं, ताई."

राजदीप रडायला लागला. भूमेश्वरीनं त्याला उचललं आणि तोंडातून निघून गेलं, "काऊन रडून राहिला रे? पाय, डोरे कसे लाल झाले!"

डोरे.

तिरोड्याजवळच्या तिच्या घरीही, इथल्यासारखंच, डोळ्याला डोरा, जवळला जवर, फळाला फर. ळ नव्हताच. पुण्याच्या होस्टेलात पोरी हसल्या, तेव्हा तिनं आरशासमोर बसून जीभ वळवून वळवून तो कमावला होता, आणि आईचा फोन आला की व्हरांड्यात जाऊन हळू बोलायची. जो आवाज बाळांनी घरात ऐकलाच नाही, तो शब्दात कुठं बसतो हे त्यांनी शिकावं कुठून? बाळं मागे नव्हती. ही आपलं घर विसरली होती. लाज वाटली तिला, अशी की रीनाकडे मान वर करून पाहवेना.

तिनं नवा प्रयोग मांडला, नवी बाळं बोलावली. आता सगळी अक्षरं घरातली. 'पकूती', 'बिदागो' असे बनवलेले चार शब्द, एका सुरात, कुठं थांबा नाही, कुठं जोर नाही, उलटसुलट क्रमानं मिनिटं दोन-तीन. 'प'मागून 'कू' हमखास, 'कू'मागून 'ती' हमखास. 'ती'मागून मात्र उरलेल्या तिघांपैकी कोणाचाही आरंभ. कोण कोणाच्या मागून येतं, एवढ्यावरूनच शब्दाची कड सापडायला हवी. आणि सापडली! 'पकूती' वाजलं की बाळं लवकर तोंड फिरवत, ते ओळखीचं झालं होतं. 'तीबिदा' असा सांध्यावरचा तुकडा वाजला की मात्र टक लावून पाहत. तेच ते ऐकून झालं की बाळ ओळखीच्याला कंटाळतं; नवं वाटलं, की जास्त वेळ पाहतं.

भूमेश्वरी रीनाच्या घरी गेली. सासू कुसुमबाई अंगणात धान पाखडत होती. राजदीप एका कोपऱ्यात चटईवर मुकाट बसलेला.

"आजी, चूक माही झाली. पोरगा चांगला हाय. मीच चुकीचं बोलली. माह्या बोलन्यावर जाऊ नोका, बोला त्याच्यासंगं."

कुसुमबाईचं सूप थांबलं. "आमच्यावानी बोलतेस तं. कोनाची वो तू?"

"तिरोड्याकडचीच हाय."

"आपल्यातलीच हायेस? मंग तुले समजलं कसं नाई, बाई?"

भूमेश्वरी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

कुसुमबाईनं सूप ठेवलं आणि ती नातवासमोर बसली. "आ रे माह्या राजा. आजीजवर ये."

राजदीपनं मान वळवली. म्हातारीच्या तोंडाकडे तो पाहत राहिला, पाहतच राहिला.

"पाय वो, कसा पाहते माह्याकडं!" कुसुमबाई हरखून म्हणाली.

बाळ एवढा वेळ पाहतं ते नव्याकडे, ओळखीच्याकडे नाही, हे भूमेश्वरीला ठाऊक होतं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि काही सांगितलं नाही.