तान्ह्या पोळ्याचा बैल

शेजारच्या सोजरबाईने चवळीच्या शेंगा सोलता सोलता नातवाचा लाकडी बैल जयवंताच्या तान्ह्या तुळजापुढे सरकवला आणि हसली.

“पाहा, वळखला तिनं. याच्याच मांगं तर पयल्यांदा पालथी पडली होती.”

स्वतःची वेणी घालता घालता जयवंताचा हात थांबला.

“कवा?”

“तान्ह्या पोळ्याले. पोट्टे बैल घेऊन दारी आले, अन् हिनं जी मान वळवली, ते अख्खी उलथली. तुमी शाळेत होत्या, मास्तरीणबाई. सासूनं सांगतलं नाही?”

अर्धी वेणी तशीच सोडून जयवंताने लेकीला कडेवर घेतलं आणि घरी आली. फडताळातली डायरी काढली.

इचोड्याच्या खतवाल्याने फुकट वाटलेली जुनी डायरी. तुळजा जन्मली त्या आठवड्यापासून जयवंता तीत लिहीत आली होती. रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. मग एके दिवशी पहिला थेंब. भांडं पडलं की दोन्ही हात फेकून दचकायची, मिठी मारायला निघाल्यासारखी. ते दचकणं कधी थांबलं त्याची मात्र नोंद नव्हती. पहिलं दिसतं, शेवटचं कुणाच्या लक्षात येतं? म्हणून ती त्या त्या दिवशीच लिही. उद्याची तुळजा आजच्या तुळजाला पुसून टाकत असे.

तीन महिन्यांची रजा संपली आणि नेरडीगोंड्याच्या शाळेला जायची बस सुरू झाली. तेव्हापासून ओळींच्या शेवटी एक जास्तीचं वाक्य येऊ लागलं होतं.

‘हरताळिका. आज पहिल्यांदा पालथी झाली. एक हात पोटाखाली अडकला, निघेना म्हणून रडली. मी होते.’

हरताळिका. तान्हा पोळा त्याच्या दोन दिवस आधी.

सासू, बयनाबाई, चूल फुंकत होती.

“आत्याबाई, ही पालथी कवा झाली?”

फुंकणी थांबली. “सोजरच्या तोंडात काही ठरत नाही.”

“अन् आवाज काढून हासली ते? पायाचा अंगठा तोंडात घातला ते?”

“ते बी आधीच.” म्हातारी धुराकडे पाहत म्हणाली. “तू दिवसभर लोकाईच्या लेकराईले शिकवतं. थकून घरी आली का काय सांगू तुले, तुह्या मांगं झालं म्हणून? गप राह्यली मी. दोनचार दिवसानं तुह्यापुढं बी केलंच ना तिनं.”

जयवंताला त्या संध्याकाळी आठवल्या. चप्पल काढत असतानाच सासू म्हणायची, आज पोरगी लय हातपाय मारून राह्यली, बस इथं जराशी. गोधडी आधीच अंथरलेली, खुळखुळा नेमका एका अंगाला. आणि ती बसायची, आपल्याच नशिबावर खूश होऊन.

“तवा कसं केलं होतं तिनं? रडली? का हासली?”

बयनाबाई आठवू लागली.

“आता काय सांगू, माय. ध्यानात नाही राह्यलं.”

जयवंताने डायरी मिटली. त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर कागदावर तरी उरलं असतं. आता ते तिच्याकडेही नव्हतं आणि म्हातारीकडेही नव्हतं. राहिलं होतं ते खोटं, तिच्याच अक्षरात.

त्यानंतर तिने लिहिलं नाही. सासूशी बोलणं मिठामिरचीपुरतं उरलं.

एका रविवारी दुपारी तिने तुळजाला मांडीवरून खाली ठेवलं आणि आधाराचा हात काढला. तुळजा पडली नाही. दोन्ही तळवे पुढे भुईवर रोवून, बेडकासारखी, डुलत डुलत बसून राहिली. मग स्वतःच्याच हाताकडे पाहायला गेली आणि अलगद कुशीवर कलली. उंबऱ्यात घागर कडेवर घेऊन बयनाबाई उभी होती. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा, खुशालचा, ट्रक रस्त्याकडेला येऊन थांबला. हैदराबाद-नागपूर करून तो दहा दिवसांनी घरी येत होता. दर खेपेला हात धुवायच्या आधी डायरी वाचायला लावी आणि म्हणे, मी नसलो का सारं करते ही, मी आलो का झोपते.

आजही त्याने दारातूनच विचारलं, “बसली का वो पोरगी?”

चुलीपाशी भाकरीची थाप थांबली.

“नाही अजून,” जयवंता म्हणाली.

तिने गोधडी अंथरली. मागे उशी लावली.

“आज पाठ लय ताठ धरून राह्यली. बसा इथं जरासे.”

तुळजाने तळवे रोवले. खुशाल आधी नुसता पाहत राहिला, मग हसत सुटला, आईला हाक मारू लागला. बयनाबाई उठून आली, पदराला पीठ पुसत, आणि जणू पहिल्यांदाच पाहावं तशी पाहत राहिली.

“लिव्ह, जयवंता. आत्ताच लिव्ह,” खुशाल म्हणाला.

तिने डायरी उघडली. तारीख घातली. ‘आज’ लिहून थोडी थांबली.

‘आज बसली. बाबा होते.’

खुशालने खांद्यावरून वाकून वाचलं. “अन् पयल्यांदा? ते काऊन नाही लिवलं?”

भाकरी करपल्याचा वास आला. बयनाबाई लगबगीने चुलीकडे वळली.