काळी बाजू

रंगरावांच्या घरात रंगरावांचा शब्द खाली पडत नसे. वाघोलीत नगर रस्त्याला लागून त्यांची जमीन होती. बिल्डरला अर्धी विकून उरलेल्या अर्धीवर त्यांनी स्वतःच इमारत बांधली होती, आणि तेव्हापासून तर त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छातीच नव्हती. तळमजल्यावरचा दवाखानासुद्धा त्यांचाच भाडेकरू. त्यांच्या सुनेला, रुपालीला मात्र हे कधी नीट जमलं नाही. ती हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हाच तिचा पगारी धंदा होता. रंगराव म्हणत, "घरात पण तेच करती." करतच होती, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी चतुर्थी होती. सासूबाईंनी, आनंदीबाईंनी उपवासाचे दाणे भाजून परातीत पसरून ठेवले होते. दीड वर्षाच्या संस्कृतीनं मूठभर उचलले, तोंडात कोंबले आणि आजोबांकडं बघून खदखदा हसली. हसतानाच ठसका लागला. पोर लाल झाली, ओठ निळे पडले, डोळे पांढरे झाले. रुपालीनं तिला उचललं तोवर जोरात खोकून ती पुन्हा श्वास घ्यायला लागली, आणि थोड्या वेळानं चक्क खेळायलाही गेली. रंगराव म्हणाले, गिळला दाणा, झालं, उगाच बोभाटा नको.

बोभाटा रुपालीनं केला. दुपारी लेकीला मांडीवर घेतलं तर श्वासात बारीक शिट्टी ऐकू येत होती. पाठीला कान लावला. डाव्या बाजूला वाऱ्याचा आवाज यायचा, उजव्या बाजूला जवळजवळ नाहीच. तिनं सरळ तळमजला गाठला, मागोमाग रंगरावही उतरले.

डॉक्टर इंद्रजीत नवखे होते आणि भाड्याच्या बाबतीत रंगरावांच्या उपकारात होते. त्यांनी छातीचा एक्स-रे काढला. रडत्या पोरीची फिल्म निघाली तीही नशिबानंच बरी. उजेडासमोर धरून ते म्हणाले, दाणा कुठंच दिसत नाही. उजवं फुप्फुस छान काळं आहे, म्हणजे हवेनं भरलंय. डावीकडं थोडा पांढरटपणा आहे, कफ असेल, सिरप देतो. रंगरावांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला.

रुपालीच्या डोळ्यांपुढून ती फिल्म हलेना. डॉक्टरकीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कामातली एक सवय तिच्या हाडात भिनली होती. दोन गोष्टी सारख्या असायला हव्यात आणि नाहीत, तर दोन्हींतली बिघडलेली कोणती, हे नजरेनं ठरवायचं नाही. तिनं विचारलं, "डॉक्टर, काळी बाजूच बरी कशावरून? जिथं आवाज येत नाही, तीच काळी आहे."

इंद्रजीतांनी फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली. उत्तर रंगरावांनी दिलं. "डॉक्टर तू हायेस का ते हायेत?"

"दोघंही नाही म्हणूनच पुण्याला नेते," ती म्हणाली. घरची जीप मागितली तर किल्ली मिळाली नाही. मिळेल अशी तिला आशाही नव्हती. फिल्मचं पाकीट काखेत, पोर खांद्यावर, आणि बाई रिक्षात. नवरा योगेश अमेरिकेत कंपनीच्या कामावर होता, त्याला विचारायला सवड नव्हती आणि विचारायची गरजही वाटली नाही. खड्डा आला की रिक्षावाल्याला ती हळू म्हणायची आणि लगेच लवकर म्हणायची, आणि तो बिचारा दोन्ही ऐकत होता.

पुण्यातल्या मुलांच्या हॉस्पिटलात क्ष-किरण विभागाच्या प्रमुख होत्या डॉक्टर विजयमाला. पन्नाशीच्या, बोलायला कडक. फिल्म दिव्याच्या पेटीवर लावून त्यांनी दोन्ही बाजू निरखल्या. मग विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"भाजलेले दाणे. हसताना ठसका लागला."

"दाणा एक्स-रेत दिसत नसतो. दिसेल म्हणून वाट बघणाऱ्यांना तो बुडवतो." त्यांनी बोटानं दाखवलं. डावं पांढरट फुप्फुस चांगलं होतं, रडताना श्वास सुटला तेव्हा ते आक्रसलं होतं, तसंच आक्रसायला हवं. उजवं मात्र श्वास सोडूनही फुगलेलंच राहिलं होतं, आणि त्यानं हृदयालाही डावीकडं ढकललं होतं. श्वास घेताना नळी जराशी रुंदावते, दाण्याच्या कडेनं हवा आत शिरते. सोडताना नळी आवळते आणि दाणा वाट बुजवतो. आत जायची मुभा, बाहेर यायची नाही.

खात्री म्हणून त्यांनी पोरीला उजव्या कुशीवर झोपवून दुसरी फिल्म काढली. खाली दबलेलं फुप्फुस चांगलं असतं तर लहान झालं असतं. ते तसंच फुगून राहिलं. तेवढंच काळं. बेशुद्ध करून तोंडातून दुर्बीण घालायची आणि चिमट्यानं दाणा काढायचा, असं शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सांगितलं. पोट रिकामं होईपर्यंत थांबायचं, आणि तोवर पोरीला कुणी पाठीत थापट्या मारायच्या नाहीत. खोकताना दाणा सरकून मोठ्या नळीत आडवा आला तर दोन्ही बाजू बंद.

तेवढ्यात रंगराव आले, मागं आनंदीबाई. रुपालीच्या खांद्यावरची संस्कृती आजोबांना बघून हसली, आणि तिथंच रुपालीची बाजू पडली असं त्यांना वाटलं. हसती-खेळती पोर बेशुद्ध करणार, म्हणाले. घशात नळी घालणार. काही झालं तर योगेशला काय तोंड दाखवू? बाप नाही तर आज्यानं सही करायची, आणि आजा करत नाही. चल घरी.

रुपालीला भीती वाटत नव्हती असं नाही. पण घरी नेलं आणि खोकल्यानं दाणा सरकला, तर परत रस्ता कुठून आणायचा?

"आबा, सही मी करणार. मी तिची आई आहे. घरी जायचं असेल तर तुम्ही जा."

"घरात पाय ठेवायचा नाही मग."

"बरं," ती म्हणाली आणि सही केली.

पोरीला आत नेऊन दार बंद झालं तसं बाकावर तिघं बसली, एकमेकांकडं न बघता. कुणी पाणी प्यायलं नाही. आनंदीबाई पदराचं टोक पिळत होत्या. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि छोटीशी बाटली रुपालीच्या हातात दिली. अर्धा दाणा होता, ओलाव्यानं फुगलेला, सालीसकट. आत संस्कृती भोकाड पसरून रडत होती. रुपालीनं तिच्या पाठीला कान लावला, आधी डावीकडं, मग उजवीकडं. दोन्हीकडं वारा होता. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं, आणि ते तिनं दाबलंही नाही.

थोड्या वेळानं योगेशचा फोन रंगरावांच्या मोबाइलवर आला. आनंदीबाईंनी कुणाकडून तरी निरोप पोचवला होता. रंगराव उठून उभे राहिले, घसा साफ केला. "काळजी करू नको. आम्ही येळेत आणली पोरीला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर..."

रुपालीनं हात पुढं केला आणि फोन त्यांच्या कानावरून काढून घेतला. असं त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं.

"आम्ही नाही, योगेश. मी आणली. आबा सही करू देत नव्हते, घरात पाय ठेवू नको म्हणाले. तू आलास की आपण कुठं राहायचं ते ठरवू."

रंगराव बायकोकडं वळले, तिनं सुनेला गप्प करावं म्हणून.

आनंदीबाई उभ्या राहिल्या. "खरं हाय तिचं," त्या म्हणाल्या. "आणि ती जिथं राहील, तिथं मी बी राहणार."

फोनमध्ये योगेशचा आवाज येत होता. ऐकायला कुणाचं लक्ष नव्हतं.