तिसऱ्या बाकावरचा शेरा

शाळेत तिला पाठीमागे सगळे ‘गाळणी’ म्हणत आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणोत बापडे! प्राथमिक विभागाची पर्यवेक्षिका होती ती. सहामाहीची प्रगतिपुस्तकं पालकांच्या हातात पडण्याआधी प्रत्येकावरचा शेरा तिच्या नजरेखालून जायचा आणि ‘प्रगती समाधानकारक’ असं कुठे दिसलं की तिच्या कपाळाची शीर उडायची. समाधान कुणाचं? कशात? पोराचं नाव झाकलं तर हा शेरा शेजारच्या पोरालाही चालेल ना? मग तो शेरा नव्हे, नुसता शिक्का. न्या परत.

या वर्षी सगळ्यात जाड गठ्ठा परत गेला तो चौथीच्या वर्गाचा, आणि चौथीच्या बाई म्हणजे तिचीच धाकटी जाऊ. घरात एका ओट्यावर स्वयंपाक करायचा आणि शाळेत एकीनं दुसरीचं काम तपासायचं. गाळणीनं मुद्दामच हात सैल सोडला नाही. जावेला सूट दिली असं उद्या कोणी म्हणायला नको.

“अहो ताई, बेचाळीस मुलं आहेत माझ्या वर्गात,” धाकटी रडकुंडीला आली. शाळेत ‘मॅडम’ म्हणायचं हा घरचाच नियम ती विसरली. “प्रत्येकाचं वेगळं काय लिहू? कादंबरी लिहू का?”

“कादंबरी नको, तीन ओळी लिही. मुलाला काय जमतंय ते लिही, पण वर्गात तू स्वतः पाहिलेलं. कुठे अडतंय ते लिही, आणि पुढे काय करायचं तेही. मूल आळशी आहे, हट्टी आहे, असं स्वभावावर बोट ठेवायचं नाही. ‘वजाबाकीत हातचा विसरतो’ असं लिहिलं तर बापाला कळतं काय करायचं ते. ‘लक्ष नाही’ लिहिलंस तर तो फक्त धपाटा घालतो.”

“आणि ज्यांच्याबद्दल काही सुचतच नाही?”

“सुचायचं नसतं गं, दिसायचं असतं,” गाळणी म्हणाली आणि आपल्याच वाक्यावर जरा खूश झाली.

दोन-तीन दिवस घरात भांडी जोरात आपटली गेली. मग गठ्ठा आला, आणि काय सांगावं, गाळणी वाचतच राहिली! ‘नकाशात नद्या अचूक दाखवतो, आता त्यांची माहितीही लिहून पाहावी.’ ‘खेळात हरल्यावर रुसत असे, या सत्रात दोनदा स्वतःहून हात मिळवला.’ आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीसाठी: ‘मधल्या सुट्टीत गोष्टी अशा रंगवून सांगते की सगळा बाक डबा खायचा विसरतो. हीच गोष्ट आता वहीत उतरवावी.’ हा शेरा तर तिनं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवला. धाकटीचे कान लाल झाले. घरी जाताना गाळणी तिला म्हणाली, “बघ, जमतं की नाही?” धाकटीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दमली असेल, असं गाळणीला वाटलं. तिनं सगळ्यांवर सह्या ठोकल्या आणि प्रगतिपुस्तकं वाटली गेली.

पालकसभेच्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, एक उंच माणूस तिच्या दारात येऊन उभा राहिला. गळ्यात मोजायची टेप तशीच राहिली होती. शाळेच्या मागच्या रस्त्यावर त्याचं शिलाईचं दुकान होतं, अर्ध्या शाळेचे गणवेश तोच शिवायचा. सगळे त्याला मास्तरच म्हणत.

“दाखला काढायचाय, बाई. मुलीला मावशीकडे पाठवतोय. परवा न्यायला येणार आहे ती.”

“मध्येच? का हो, मास्तर? काही तक्रार?”

“छे, छे! तक्रार कसली? तुमचे उपकारच आहेत.” त्यानं प्रगतिपुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. तोच शेरा, गोष्टींचा. “हिची आई गेली त्याला वर्ष होईल. तेव्हापासून पोर घरात एक शब्द बोललेली नाही. मान हलवते, खुणा करते. मला वाटलं, धक्का बसलाय, येईल हळूहळू. आणि हे वाचलं.” त्यानं टेप गळ्यातून काढून मुठीत गुंडाळली. “म्हणजे पोर बोलते. सगळ्या बाकाला गोष्टी सांगते. फक्त माझ्याशी बोलत नाही. मग माझंच काहीतरी चुकत असणार ना? तिला मी नको असेन, तर कशाला डांबून ठेवू? मावशीकडे तरी हसेल, बोलेल.”

गाळणीनं प्रगतिपुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. तिनं एवढंच म्हटलं, “मास्तर, दाखला उद्या देते. आज एक दिवस थांबा माझ्यासाठी.” त्यानं मान हलवली आणि तो गेला.

धाकटी वर्गात तक्ते काढत होती. गाळणीनं दार लावून घेतलं.

“ही मुलगी गोष्टी सांगते, हे तू पाहिलंस?”

“त्या बाकावरून रोज ऐकू येतात की...” धाकटीनं प्रगतिपुस्तक हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला. “अगंबाई. ही नाही. हिच्या शेजारची.”

“आणि शेजारचीला काय दिलंस?”

“अक्षर सुरेख म्हणून लिहिलं.” धाकटीला रडू फुटलं. “तिची आई सभेत हसत होती, म्हणत होती, बाई, चेष्टा करता का! मला तेव्हाही कळलं नाही. एका हातानं पोळ्या लाटत लिहिलंय मी, ताई. शेवटचे सगळे असेच आठवून आठवून. गठ्ठा पुन्हा परत आला असता तर तुम्ही चारचौघांत बोलला असता...”

“तोंडी परीक्षेत ही बोलली का?”

“लाजते असं वाटलं. सरासरी मार्क दिले.”

“पाच महिने, आणि तुझ्या लक्षात आलं नाही?”

“शांत बसणारं मूल कुणाच्या लक्षात येतं हो? दंगा करणाऱ्यांतच माझा दिवस जातो.” धाकटीनं पदरानं डोळे पुसले आणि जरा वेळानं खाली बघत म्हणाली, “आणखी एक सांगू? पुस्तकं वाटली ना, त्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली होती. या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आवडलं ना? शाब्बास, जा आता जागेवर. तरी हलेना. मग मीच तिला पाठीला धरून पाठवलं.”

गाळणी समोरच्या बाकावर बसली. पोरीला कळलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीनं ते तपासायला आणलं होतं. आणि जिचं कामच तपासायचं, तिनं काय तपासलं? भाषा तपासली. वाक्य छान जमलंय का ते पाहिलं, टाळ्या घेतल्या आणि सही ठोकली. एकदा उठून वर्गात जाऊन ‘ही मुलगी कोणती?’ एवढं विचारलं असतं तर! जावेला कशावरून बोलणार? तिला चारचौघांचा धाक कोणी घातला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी त्या वर्गात होत्या. धाकटी शिकवत होती आणि गाळणी मागे स्टुलावर. मुलगी खरंच बोलत नव्हती. पण शेजारची गोष्ट सांगताना अडली की ही वहीच्या कोपऱ्यात पुढचं चित्र काढून तिच्यापुढे सरकवायची, आणि गोष्ट पुन्हा धावायची. गणित विचारलं की हिचं उत्तर सगळ्यांआधी कागदावर तयार. हात मात्र वर नाही. धाकटी पहिल्यांदाच तिच्या बाकाशी थांबली, उत्तर वाचलं आणि “बरोबर” म्हणाली. मुलीनं चमकून वर पाहिलं.

शेरा धाकटीनंच लिहिला. गाळणीनं एक शब्दही बदलला नाही, फक्त प्रत्येक वाक्यापाशी विचारलं, “हे कधी पाहिलंस?” वर्गात बोलत नाही, ही गोष्ट कागदावर घातली नाही. असलं काळजीचं बापाला पहिल्यांदा कागदावरून कळता कामा नये, ते समोर बसून सांगायचं असतं.

दुपारी दोघी दुकानात गेल्या. मुलगी आत कापडाच्या तुकड्यांत बसून बटणं रंगाप्रमाणे डब्यांत टाकत होती. शेजारी तिची बॅग भरून तयार होती. गाळणीनं आडपडदा ठेवला नाही.

“मास्तर, तो शेरा चुकीचा होता. दुसऱ्या मुलीचा होता. चूक बाईंची, आणि न बघता सही केली ती माझी. तुमची मुलगी शाळेतही बोलत नाही. कुणाशीच नाही.”

मशीन थांबलं. त्याला आधी काही कळेचना. मग तो म्हणाला, “म्हणजे माझ्यावर रुसलेली नाही?” आणि लगेच, “म्हणजे शाळेतही नाही?” सुटकेनं श्वास सोडावा की छाती पिटावी, असं त्याचं झालं. मग तो भडकला. “काय हो हे? मी पोरीला घराबाहेर काढायला निघालो होतो! तुमच्या दोन ओळींवर!”

दोघी माना खाली घालून उभ्या राहिल्या. त्याचा आवाज खाली आल्यावर गाळणीनं समुपदेशक बाईंचा पत्ता पुढे केला. त्यांच्याशी आपण बोलून ठेवलंय, पहिल्या दिवशी सोबत येऊ, असं सांगितलं. धाकटीनं नवा शेरा काढून दिला. त्यानं तो ओठ हलवत वाचला. ‘मैत्रिणीची गोष्ट अडली की चित्र काढून तिला पुढे नेते. गणित मनात चटकन सोडवते आणि स्वच्छ लिहिते. यापुढे तिची उत्तरं मी रोज तिच्या बाकापाशी जाऊन वाचणार आहे.’

“छान लिहिलंय,” तो कडवटपणे म्हणाला. “ते पहिलंही छानच होतं. हे तरी खरं कशावरून?”

याला काय उत्तर द्यायचं? गाळणीनं धाकटीकडे पाहिलं.

तेवढ्यात मुलगी उठली. बापाच्या हातातून तिनं तो कागद घेतला, सावकाश वाचला, मग धाकटीसमोर येऊन उभी राहिली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. अगदी तशीच, त्या दिवशी टेबलाशी उभी होती तशी.

धाकटी खाली बसली, थेट फरशीवर, कापडाच्या चिंध्यांत. या वेळी तिनं शाब्बास म्हटलं नाही. तिनं विचारलं, “हे तुझंच आहे ना? की मी परत चुकले?”

मुलीनं बोट तसंच ठेवलं आणि मान हलवली. हो. मग तिनं तो कागद बापाच्या हातात परत दिला आणि बटणांपाशी जाऊन बसली.

मास्तरनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्यानं मशीनवरचा फोन उचलला आणि मावशीला सांगितलं, उद्या येऊ नकोस. का ते तिनं विचारलं असावं. “राहू दे तिला इथेच,” तो म्हणाला. आतून मुलीनं बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.