नल्ली आणि चाप

माझ्या भाचीला पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात शिकाऊ शेफची जागा मिळाली, याचा आनंद मला आहे. तो पूर्ण नाही, एवढंच. तेजस्वी हुशार मुलगी, जागा तिच्या लायकीची. पण ज्या दिवशी ती मिळाली त्या दिवशी मी तिथे होते, त्यामुळे पेढा मी अर्धाच खाल्ला.

वसईजवळ कामणला माझ्या भावाचं, हरेश्वरचं घर आहे. मागे शेत, पुढे गोदामं. मी शाळेतून निवृत्त झालेली त्याची थोरली बहीण, शेजारीच राहते. तेजस्वी वसईत हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती आणि परीक्षेआधी तिचे प्रश्न मलाच विचारायला लावायची. मास्तरकीची खाज जात नाही, मीही आनंदाने विचारायचे.

"नल्ली. ओली उष्णता की कोरडी?"

"ओली. पाय दिवसभर चालतो, त्यात चिवट धागे फार. मंद आचेवर, पाण्यात किंवा वाफेत बराच वेळ ठेवलं की ते धागे विरघळतात, त्यांचंच जिलेटीन होतं. म्हणून रस्सा बोटांना चिकटतो."

"आणि चाप?"

"कोरडी. पाठीच्या मांसाला मेहनत कमी, मुळातच मऊ. तापल्या तव्यावर थोडाच वेळ. बाहेरून खरपूस, आत गुलाबी. जास्त शिजवलं की सगळा रस निघून जातो."

"मान? खांदा?"

"ओली, ओली. आत्या, काहीतरी कठीण विचार ना."

हे सगळं ओटीवर चालायचं. तिची आई, माझी भावजय हंसा, आत भाकऱ्या थापत असायची. तिला कधी कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. तिच्या हाताखालून इतकं मटण गेलं, पण आमच्या लेखी ते नुसतं जेवण होतं.

त्या हॉटेलात कॉलेजातून एकालाच घेणार होते आणि शेवटी दोघं उरले होते. कॉलेजच्या स्वयंपाकघरात गॅसच्या लाइनीचं काम निघालं, तेव्हा हॉटेलतर्फे निवड करणारे रिचर्ड सर म्हणाले, मी तुमच्या घरीच येतो. ते आपल्या वसईचेच, आगाशीकडचे. कोवळ्या बोकडाची नल्ली आणि चाप, दोन्ही करायचे आणि करताकरता त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, अशी परीक्षा ठरली. दुसऱ्याकडे ते आदल्या दिवशीच जाऊन आले होते.

नल्ली सकाळीच चुलीवर चढली. चढवली तेजस्वीने, पण तिला साडीच्या निऱ्या आणि प्रश्नांची उजळणी यातून फुरसत कुठली. पातेल्यापाशी हंसाच बसली. वर खोलगट झाकण, झाकणात पाणी, म्हणजे आतली वाफ थंड होऊन परत रश्शात पडते. पाणी आटलं की ती दुसरं ओतायची, एखादं लाकूड बाहेर ओढायची. आच कुठे एवढीशीही वाढू दिली नाही तिने.

सर आले, आधी स्वयंपाकघरात उभे राहिले. तेजस्वीने त्यांच्यासमोर चाप तव्यावर टाकले, दोन्हीकडून छान लाल केले आणि ताटात काढून ठेवले.

"आता?" सरांनी विचारलं.

"थोडे मुरू देते, सर. लगेच कापले तर रस ताटात वाहून जाईल."

"चल, तोवर बाहेर बसू."

बाहेर ओटीवर प्रश्न सुरू झाले. पोरगी फाडफाड उत्तरं देत होती आणि मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देत होते. आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं; ते मला हंसाकडून नंतर कळलं.

आत हंसा ताटापाशी गेली. चापांखाली तांबूस पाणी साचलेलं. सुरीचं टोक लावून बघितलं तर आतून गुलाबी. आमच्याकडे पाहुण्याला कच्चं मटण वाढणं म्हणजे घराची अब्रू जाणं. पोरगी घाबरली असेल, घाईत कच्चं राहिलं, असं तिला वाटलं. तिने चाप दुसऱ्या पातेल्यात घातले, पाण्याचा हबका मारला, वर पाणी घातलेलं झाकण ठेवलं. नल्लीसाठी केलं तेच. लेकीची लाज राखली म्हणून तिला बरंच वाटलं असणार.

मग तिनेच हसत दोन ताटं आणून सरांसमोर ठेवली.

नल्लीचं मांस बोटाने हाडावरून सुटलं. सरांनी रश्शात पाव बुडवला, तो संपवून दुसरा घेतला. "ही नल्ली," ते म्हणाले, "सबंध वेळ कोणी सांभाळली?"

"मीच, सर," तेजस्वी म्हणाली.

हंसा दारातच उभी होती. ती हसतच राहिली.

मग सरांनी चाप कापला. आतून राखाडी, वरचा खरपूसपणा मऊ पडून गेलेला. तुकडा त्यांनी बराच वेळ चावला. तेजस्वीचा चेहरा उतरला. जागा हातातून चालली हे मलाही कळलं.

"हे कसं झालं?" सर म्हणाले.

"आईने केलं, सर." आणि मग ती थांबेचना. "मी बरोबर काढले होते, तुम्ही बघितलंत. आईने परत झाकण घालून शिजवले. वाफ शंभर डिग्रीच्या वर जात नाही, त्यात खरपूस रंग येत नाही, आलेलासुद्धा भिजून जातो. पाठीच्या मांसात विरघळायला चिवट धागेच नसतात. मग जास्त शिजवून नुसता रस पिळून निघतो, ते कोरडं आणि वातड होतं. ओली उष्णता या तुकड्याला चालतच नाही. पण घरी हे लोक सगळंच उकडतात, सर. आईला यातलं काही कळत नाही."

उत्तरात एक शब्द चुकीचा नव्हता. सरांनी मान डोलावली. चूक कुठे झाली ते ओळखणं हीच खरी परीक्षा, असं काहीतरी म्हणाले, आणि जागा तिथेच पक्की झाली. मला उठून पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हंसा ताटं उचलून आत गेली.

दिवाळीत तेजस्वी पुण्याहून आली. चार महिन्यांत रोडावली होती, बोलणं कमी झालं होतं. तिथे म्हणे दुसऱ्याच्या हातचं आपलं म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. पिशवीतून नल्ली काढून तिने ओट्यावर ठेवली आणि हंसाला म्हणाली, "आई, तुझ्यासारखी कर ना. तिकडे मला तशी जमत नाही."

हंसा भाजी निवडत होती. "तूच कर. मला कुठं काय कलतंय त्यातला."

"आई, त्या दिवशीची नल्ली तुझीच होती."

"नाय गो. तुझी होती. तूच बोललीस ना सरांना." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी हल्ली मटनाला हात नाय लावत. तुझा बाप बाहेरून आनतो."

तेजस्वीने माझ्याकडे बघितलं. मी हंसाच्या पुढ्यातली भाजी निवडायला घेतली. शेवटी तिनेच पातेलं घेतलं, मांस परतलं, पाणी घातलं. हंसा बाजूला उभी राहून बघत होती, आणि पोरीने वर ठेवायला झाकण उचललं तेव्हा तिने हळूच विचारलं, "यावर झाकन चालतं ना गो?"