आधी रक्त, मग इंजेक्शन

माझं तोंड वाईट आहे, हे मी नाकारत नाही. आमच्या नाशिकच्या ट्रस्ट हॉस्पिटलात मी राऊंडला निघाले की "प्रतिभा मॅडम आल्या" एवढ्यावरच वॉर्डात सामसूम होते. मला त्याचं कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोलू! पेशंट बरे होतात ना, मग दोन शब्द ऐकून घेतले तर काय बिघडतं?

सोमवारी सायखेड्याच्या नवसाबाई आल्या. झेंडूचा मळा, हाडं वर आलेली, आठवडाभर उलट्या, बडबड असंबद्ध. मी ओपीडीत गर्दीत बुडालेली. खालून कॅज्युअल्टीचा फोन आला, तो कानाला लावून मी काहीतरी सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. संध्याकाळी वॉर्डात बघते तर बाई उठून बसलेल्या, चहा मागतायत. रिपोर्टमध्ये सोडियम मात्र एकशे चौदा. असायला हवं एकशे पस्तीसच्या वर.

"सांगा," मी माझ्या हाताखालच्या डॉक्टरला, रय्यानला, म्हटलं. "सोडियम कमी म्हणजे काय?"

"बहुतेक वेळा शरीरात पाणी जास्त झालंय, मॅडम. लघवी घट्ट आहे आणि तिच्यातून मीठही जातंय. म्हणजे तीन शक्यता. अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकलेली, थायरॉइड मंदावलेलं, नाहीतर पाणी धरून ठेवणारं हार्मोन गरज नसताना सुटतंय."

"आणि तिसरं कधी म्हणायचं?"

"पहिली दोन खोडून झाल्यावरच."

पोरगा हुशार आहे. थायरॉइडचा रिपोर्ट किंचित वाढलेला आला तेव्हा मात्र "गोळी सुरू करू?" म्हणाला आणि मी त्याला झापला. एवढ्याशा थायरॉइडने सोडियम असं कोसळत नाही. शिवाय अ‍ॅड्रिनल आजारी असताना थायरॉइडची गोळी दिली तर माणूस हातचा जातो. आधी कॉर्टिसॉल बघायचं! कॉर्टिसॉल म्हणजे अ‍ॅड्रिनलचं हार्मोन. त्याचा रिपोर्ट आला भरपूर. चला, अ‍ॅड्रिनल खोडलं. छातीच्या एक्स-रेत वर जुना डाग होता, फुप्फुसाच्या दुखण्यात ते तिसरं, हार्मोन उगाच सुटण्याचं, होतंच. जुळलं सगळं. पाणी बंद करा, दिवसाला जेमतेम लिटरभर, मी सांगितलं.

"मॅडम, हिरड्या काळ्या दिसतायत," रय्यान म्हणाला. "पोटॅशियमही थोडं वर आहे."

"मळ्यात उन्हात राबणारी बाई गोरी राहील का? आणि रक्ताची नळी कुणीतरी जोरात हलवली असेल, त्यानेही पोटॅशियम वर दिसतं."

हिरड्यांना ऊन लागत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचून घ्यायचं नव्हतं.

बुधवारी राऊंडला आले तर नवसाबाईंची सून, शुभांगी, पदराआड तांब्या धरून त्यांना मीठ घातलेलं ताक पाजत होती. माझं डोकंच फिरलं.

"अहो, कळतं का तुम्हाला काही? पाणी म्हणजे विष आहे यांना! मारायचंय का सासूला?"

अख्खा वॉर्ड बघत होता. शुभांगीने तांब्या खाली ठेवला. "आत्या रडत व्हत्या हो," ती पुटपुटली. "मीठ दे, मीठ दे म्हनत व्हत्या."

"उद्या त्या गेल्या तर तुमच्यामुळे जातील," मी म्हटलं. हो, असंच म्हटलं. तिचा नवरा कुंदन शेजारीच उभा होता, त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

गुरुवारी सोडियम आणखी खाली, एकशे दहा. नवसाबाई डोळे उघडेनात, बीपी लागेना.

"अजून पाजतेय ती!" मी कुंदनवर ओरडले.

"नाय मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "तिला कालच सटान्याला माहेरी धाडली. आई बरी झाल्याबिगर तोंड दाखवू नको म्हनलं. मीच बसलोय रात्रंदिस. थेंब दिला नाय जास्तीचा." मग घाबरत म्हणाला, "ते आल्या आल्या दिलेलं इंजेक्शन परत द्या ना. त्यानं आई लय तरतरीत झालती."

"कसलं इंजेक्शन? कुणी दिलं?" मी सिस्टर तबस्सुमकडे वळले. आवाज चढलेलाच. "मला न विचारता कोण देतं इंजेक्शनं या हॉस्पिटलात?"

सिस्टरने रय्यानकडे बघितलं. रय्यानने जमिनीकडे.

"तुम्हीच, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "सोमवारी माझी ड्युटी खाली कॅज्युअल्टीत होती. बीपी लागत नाही म्हणून मीच फोन केला होता. तुम्ही म्हणालात, हायड्रोकॉर्टिसोन ढकला आणि वर पाठवा. रक्त नंतर वर काढलं."

हायड्रोकॉर्टिसोन म्हणजेच कॉर्टिसॉल. बीपी पडलं की ते ढकलायचं, ही आमची सगळ्यांची सवय. देण्यात चूक नव्हती, त्यानेच तर बाई उठून बसली. पण आधी रक्त काढायचं असतं. मी माझ्याच औषधाची पातळी मोजली, ती नवसाबाईंची समजले, आणि त्या भरवशावर जिच्या अंगातून मीठपाणी गळत होतं तिचं पाणी तोडलं.

"रक्त काढा," मी म्हटलं. "कॉर्टिसॉलला. रिपोर्टची वाट बघू नका, लगेच हायड्रोकॉर्टिसोन द्या, सलाइन लावा. आणि दर थोड्या तासांनी सोडियम. आता शरीर धरलेलं पाणी सोडून देईल. सोडियम भराभर चढलं तर मेंदूला इजा होईल."

मी बेडजवळच उभी राहिले. जायला तोंड नव्हतं.

दुपारपर्यंत नवसाबाईंनी कुंदनला हाक मारली. कॉर्टिसॉल जवळपास नव्हतंच. पुढे स्कॅनमध्ये कळलं की टीबीने दोन्ही अ‍ॅड्रिनल खाल्ल्यात. काळ्या हिरड्या आणि वाढलेलं पोटॅशियम त्याच्याच खुणा होत्या. एक्स-रेतला तो डाग तेच सांगत होता, मी त्याच्याकडून मला हवं ते वदवून घेतलं. थायरॉइडचा आकडाही यातूनच वाढलेला, तो याच हायड्रोकॉर्टिसोनवर आपोआप उतरेल.

"बायकोला बोलवा," मी कुंदनला म्हटलं.

शुभांगी शनिवारी राऊंडच्या वेळी आली. डोळे सुजलेले. आल्या आल्या माझ्या पायाशी वाकली. "चुकलं मॅडम. परत नाय देनार ताक."

मी तिचे दंड धरून तिला उठवलं. ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात, वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलायचं ठरवून आले होते. "शुभांगी, चूक माझी होती. तपासणी मी चुकवली. यांना मीठही हवं होतं, पाणीही. तुम्ही दिलंत ते बरोबर होतं. मी तुम्हाला बोलले ते खोटं होतं. कुंदन, ऐकताय ना?"

कुंदनने मान हलवली आणि ती वर केलीच नाही. शुभांगी माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या डॉक्टरीणबाई आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतायत, एवढंच तिच्या चेहऱ्यावर.

"शुभे, पानी दे गं," नवसाबाई म्हणाल्या.

तिने भांडं भरलं. पलंगापाशी गेली आणि थबकली. नवऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, मग वळून ते भांडं माझ्यापुढे धरलं.

"तुमीच पाजा, मॅडम. माझा हात होत नाय."