चव्वेचाळिसावी कॅण्डल

अकरावी कॅण्डल बंद झाली तेव्हापासूनच टिल्लूची चुळबुळ सुरू झाली होती. टिल्लू हे त्याचं लहानपणीचं नाव. आता तो सहा फूट उंच होता आणि वय एकतीस, पण घरात नाव तेच राहिलं. खुर्चीत बसून त्याचा गुडघा असा हलत होता की टेबलावरचा दुसरा स्क्रीनही थरथरत होता.

"ताई, जरा थांब. भाव बघ, वर जायच्या तयारीत आहे."

"तीन तास तयारीच चाललीये," ताई म्हणाली. "नवरीसुद्धा एवढा वेळ घेत नाही."

शनिवारची दुपार होती. औषधाच्या दुकानातून ताईला शनिवारी सुट्टी असे, आणि गेले दोन महिने ती सुट्टी आईच्या घरातल्या या मागच्या खोलीत जाई. अकरा वाजता टिल्लूने एका क्रिप्टो कॉइनमध्ये एन्ट्री घेतली होती. चार दिवस एकाच पट्ट्यात अडकलेला भाव पट्टा फोडून वर आला, म्हणून घेतली. असा ट्रेड म्हणजे एक दावा असतो की जोर आला आहे आणि भाव आत्ता पळणार. पळाला तर ठीक. खाली आला तर ठरलेल्या किमतीला स्टॉप लागून ट्रेड बंद होतो. आणि धड वरही नाही, धड खालीही नाही, नुसताच लोळत पडला तर? त्याच्यासाठी टाइम-स्टॉप. पंधरा मिनिटांच्या चार्टवर कॅण्डल म्हणजे पंधरा मिनिटांतला भाव दाखवणारी एक उभी पट्टी; अशा बारा बंद होईपर्यंत वाट पाहायची, म्हणजे तीन तास. तोवर हालचाल नाही, तर ज्या कारणासाठी आत शिरलो ते कारणच संपलं असं समजून निमूटपणे बाहेर पडायचं.

नियम टिल्लूचाच होता. ताईने फक्त तो पाळायला घेतला होता.

दोन वाजता मोबाइलचा अलार्म वाजला. बारावी कॅण्डल बंद झाली, भाव एन्ट्रीपासून नखभर वर. टिल्लूने माउसकडे हात नेला, पण माउस आधीच ताईच्या हातात होता. तिने ट्रेड बंद केला आणि वहीत नोंद केली.

"खूश?" टिल्लू म्हणाला.

"खूश व्हायला मी काय लग्नाला आलेय?"

ताईच्या पर्समध्ये एक पाकीट होतं. त्यात राजीनामा होता, सोमवारी द्यायचा. दुकानाच्या मालकाचं तोंड पुन्हा पाहायची तिची इच्छा उरली नव्हती. मुदत संपत आलेल्या औषधांच्या पट्ट्यांवर तो किमतीचं स्टिकर नेमकं तारखेवर चिकटवायचा. ताईने दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा तो हसून म्हणाला, "मॅडम, औषध काय घड्याळ बघून काम करतं?" त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण नोकरी सोडून खायचं काय? तेव्हा टिल्लूने आपली वही पुढे केली. चार महिन्यांचे चौऱ्याहत्तर ट्रेड, त्यातले एकतीस चांगल्या नफ्याचे, आणि प्रत्येकापुढे कितव्या कॅण्डलला बाहेर पडलो त्याचा आकडा: सात, नऊ, अकरा, आठ. एकही बाराच्या पुढे नाही. आपल्या या घुम्या, उशिरा उठणाऱ्या भावाला एवढी शिस्त आहे हे पाहून ताईचे डोळे भरून आले होते. तो ट्रेड करील, मी मोजीन, दोघांचं घर चालेल, असं ठरलं.

मग दोन महिने ती मोजत राहिली, आणि दोन महिने काहीच झालं नाही. बारा कॅण्डल व्हायच्या, ट्रेड जागच्या जागी असायचा, ती बंद करायची. बाजारच थंड आहे, असं ती म्हणायची. टिल्लू काही म्हणायचा नाही, नुसता हुं करायचा.

आज अडीच वाजता तो हुं करायचाही थांबला. स्क्रीनवर एक हिरवी कॅण्डल उभी राहिली, तिच्यावर दुसरी. भाव त्यांच्या टार्गेटला शिवून पुढे निघून गेला.

टिल्लूने कीबोर्ड टेबलावर आपटला. "घे! घे आता! मोज अजून! वाजव तो अलार्म!"

"नियम नियम असतो. एका ट्रेडवरून—"

"एका? दोन महिन्यांत नऊ वेळा झालंय हे! मी बाहेर पडतो आणि भाव पळतो. तुझ्यामुळे! तू यायच्या आधी असं एकदाही झालं नव्हतं!"

"तेव्हाही बाराच कॅण्डल होत्या."

"होत्या ना! पण मी तुझ्यासारखा मठ्ठपणे मोजत नव्हतो. बारावी आली आणि ट्रेड बरा वाटत असला तर सरळ तासाचा चार्ट लावायचो, तासाला एकच कॅण्डल. आत्ता लाव, बघ. तिसरीच कॅण्डल झाली असती! नऊ बाकी असत्या!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. त्याने वाकडा झालेला कीबोर्ड सरळ केला.

ताई एकदम शांत झाली. ती ओरडत असे तेव्हा घरात कुणी घाबरत नसे, पण ही शांतता टिल्लू लहानपणापासून ओळखून होता.

"एक्स्चेंजची हिस्ट्री उघड."

"कशाला आता..."

"उघड म्हणते ना."

एक्स्चेंजची, म्हणजे जिथे हे सौदे होतात त्या साइटची, यादी खोटं बोलत नाही. तिच्यात प्रत्येक ट्रेडची आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ मिनिटासकट असते. ताईने वही शेजारी ठेवली आणि पहिल्या मोठ्या नफ्यावर बोट ठेवलं. वहीत आकडा होता अकरा. यादीत आत शिरल्याची वेळ सकाळी सव्वादहा, बाहेर पडल्याची रात्री सव्वानऊ.

"अकरा तास," ताई म्हणाली. "पंधरा मिनिटांच्या किती कॅण्डल होतात?"

टिल्लू वहीकडे बघू लागला.

"मोज की. तुला मोजता येतं ना? चव्वेचाळीस! चव्वेचाळिसावी कॅण्डल, आणि वहीत लिहिलंस अकरा!"

"तासाच्या अकराच होत्या. खोटं नाही लिहिलं मी."

ती ओळीमागून ओळ तपासत गेली. बोट कागदावर इतकं दाबलेलं होतं की नखाची खूण उमटत होती. एकतीस नफ्याच्या ट्रेडपैकी सव्वीस तीन तासांच्या पुढे धरलेले. नियमाप्रमाणे बाहेर पडून कमावलेले उरले फक्त पाच. ज्या नियमासाठी ती दोन महिने भावाशी भांडली, तो नियम पाळून इथे कुणी फारसं काही कमावलंच नव्हतं.

आरडाओरडा ऐकून आई दारात आली. "अगं, काय झालं? शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! याने मला चार महिन्यांचा खोटा हिशोब दाखवलाय, आई!"

"असेल काहीतरी चूक. लहान आहे तो."

"एकतीस वर्षांचा आहे तो! दाढी पांढरी व्हायला लागलीये त्याची!"

टिल्लू उसळला. "खोटा कसा? नफा खरा आहे ना? पैसे खात्यात आले ना? उलट यावरून हेच दिसतं की जास्त वेळ थांबायला हवं. बारा तास ठेवू टाइम-स्टॉप. झालं!"

"बारा तास असू शकतो," ताई म्हणाली. "चोवीसही असू शकतो. पण तो आत शिरायच्या आधी ठरवायचा, आणि ज्या चार्टवर ठरवला त्याच चार्टवर मोजायचा. तू काय केलंस? जो ट्रेड आवडला त्याची मुदत वाढवलीस, जो नाही आवडला त्याला मुदत संपली म्हणून हाकललंस. आणि वरून बाराचं स्टिकर चिकटवलंस. मग काय थांबल्याने कमावलंस आणि काय नशिबाने, ते आता तुला तरी सांगता येईल का? मला येईल?"

स्टिकर हा शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःलाच चटका बसला. महिन्यापूर्वीचा एक रविवार तिला आठवला. ती अचानक आली होती. स्क्रीनवर कोपऱ्यात 'एक तास' लिहिलेलं तिने पाहिलं होतं, अगदी स्वच्छ पाहिलं होतं. ट्रेड नफ्यात होता, टिल्लू खुशीत होता, आणि ती मूग गिळून बसली होती. मालकाच्या दुकानात जिचं तोंड बंद राहत नाही, ती इथे हसून चहा प्यायली होती. त्या दिवशी विचारलं असतं तर राजीनामा लिहिण्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती. आता तिला टिल्लूपेक्षा जास्त संताप स्वतःचाच आला, आणि तो कुणावर काढायचीही सोय नव्हती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "एकदा दिसलं होतं मला."

"मग?" टिल्लूने लगेच मान वर केली. "मग मलाच का शिव्या?"

"तुला कमी पडल्यात म्हणून!"

आई आत निघून गेली. ताईने पर्समधून पाकीट काढलं, राजीनाम्याचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले. कॉइन. चार्ट किती मिनिटांचा. आत शिरल्याची वेळ. बाहेर पडल्याची वेळ. टाइम-स्टॉप लागल्यावर पुढे भाव कुठे गेला.

पहिल्या ओळीत तिने आजचा ट्रेड लिहिला. पंधरा मिनिटं. अकरा. दोन. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'पळाला.'

"हे काय?" टिल्लूने विचारलं.

"हा पहिला ट्रेड. मागचे चौऱ्याहत्तर फेकून दे. असे पुन्हा चौऱ्याहत्तर होऊ देत, मग आकडा ठरवू. बारा, वीस, चव्वेचाळीस, जो निघेल तो."

"त्याला पुन्हा चार महिने लागतील!"

"लागू देत."

"चार महिने कोण थांबणार, ताई? तुझ्या त्या मालकाकडे..."

"मी थांबणार! तुझ्या कृपेने!" तिचा आवाज फाटला. "तू बसल्या जागी तासाचा चार्ट लावलास, आणि उभी मी राहणार आहे त्या काउंटरवर!"

टिल्लूने कागद स्वतःकडे ओढला, पण ताईने तो हिसकून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. नोंदी यापुढे तिच्या हातात राहणार होत्या.

सोमवारी नऊ वाजता तिने दुकानाचं शटर वर केलं. मालक यायला अजून अर्धा तास होता. काउंटरवर नव्या पट्ट्यांचा ढीग पडला होता, प्रत्येकीवर तारखेच्या नेमक्या जागी स्टिकर. ती उभी राहिली आणि एकेक स्टिकर नखाने खरवडून काढू लागली.